तीनचा भाव, तीस टक्के अंदाज

मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स. पाच घोड्यांची शर्यत. बुकीच्या फळ्यावर तिसऱ्या नंबरच्या घोड्याला तीनचा भाव आहे. म्हणजे शंभर रुपये लावले आणि घोडा जिंकला, तर तीनशे नफा. हरला, तर शंभर गेले.

तुम्ही घोड्याचा फॉर्म पाहिलात, जॉकी पाहिलात, वजन पाहिलंत. तुमचा अंदाज असा की हा घोडा जिंकायची शक्यता तीस टक्के.

आता हिशेब. तीनशेचे तीस टक्के, नव्वद. शंभर जाण्याची शक्यता सत्तर टक्के, म्हणजे सत्तर. नव्वदातून सत्तर वजा केले की उरतात वीस. हे या पैजेचं अपेक्षित मूल्य. हे वीस रुपये मात्र तुमच्या हातात कधीच पडणार नाहीत. या शर्यतीत एक तर तीनशे येतील, नाही तर शंभर जातील.

या भावाला ना नफा ना तोटा कधी? शक्यता पंचवीस टक्के असेल तेव्हा. तुमचा अंदाज त्याच्या वर आहे, म्हणून पैज फायद्याची दिसते.

दिसते, एवढंच. कारण तीस हा आकडा तुमचा आहे.

पूर्ण फळा वाचू. बाकीच्या चार घोड्यांचे भाव आहेत दीड, चार, चार आणि नऊ. प्रत्येक भावाची अशीच ना नफा ना तोट्याची टक्केवारी काढली, म्हणजे भावात एक मिळवून शंभराला त्याने भागलं, तर चाळीस, वीस, वीस, दहा. आपल्या घोड्याचे पंचवीस मिळवा. बेरीज एकशे पंधरा! शंभरावरचे पंधरा ही बुकीची कमाई. ती सगळ्या घोड्यांवर सारख्या प्रमाणात वाटून काढून टाकली, तर आपल्या घोड्याला फळा जेमतेम बावीस टक्के देतो. बावीस धरून तोच हिशेब केला, तर शंभरामागे बारा रुपये तोटा.

म्हणजे पैज लावताना तुमचा खरा दावा असा असतो की फळ्यापेक्षा आठ टक्के जास्त मला कळतं. कशावरून? थोडा फळ्याचा मान ठेवून मधला आकडा घेऊ, सव्वीस. मूल्य उरतं चार रुपये. त्यात समजा, शंभरामागे दहा रुपये वरचा कर द्यावा लागला, तर चाराचे उणे सहा होतात.

टोटवर, म्हणजे जिथे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटतात तिथे, तर हा हिशेब आधी नीट मांडताच येत नाही. तिथला अंतिम भाव खिडकी बंद झाल्यावरच ठरतो.

अंदाज तपासायचा कसा? फळा बघायच्या आधी पाचही घोड्यांची टक्केवारी लिहून काढा. बेरीज शंभर येते का, ते पाहा. आवडत्या घोड्याला झुकतं माप दिलं की ती सहज शंभराच्या वर जाते. मग ज्यांना तीस टक्के दिले, अशा सगळ्या घोड्यांची वहीत नोंद ठेवा. वीस नोंदींवरून काही कळत नाही. तीस टक्के खरे असतील तर वीसात सहा जिंकायला हवेत, बावीस असतील तर साधारण चार. एवढा फरक नशिबानेही पडतो. शंभर नोंदींत तीस जिंकले की बावीस, हे पाहिल्यावर अंदाजाबद्दल थोडं बोलता येतं. आणि शंकेला जागा तेव्हाही उरतेच.