जुन्या मृत्यू-नोंदवह्या आणि एक परवानगीपत्र

मित्रहो, आजचा विषय एका पत्रापुरताच आहे. आपल्या गावच्या नगरपरिषदेत 1896 ते 1920 या काळातील मृत्यूंच्या नोंदवह्या असतील, आणि स्थानिक इतिहासाचे काम करणाऱ्या एखाद्या मंडळाला त्यांची छायाचित्रे घेऊन त्यांतील मजकूर टंकलिखित करायचा असेल, तर मुख्याधिकाऱ्यांना पत्र कसे लिहावे, एवढेच मी सांगणार आहे. हा काळ मी मुद्दाम निवडला आहे. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघड झाला, पुढच्या वर्षाच्या आरंभी तो पुण्यात भडकला, आणि 1918 मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. आपल्या गावात त्या महिन्यांत नेमके काय घडले याचा सर्वांत जवळचा पुरावा बहुधा याच वह्यांत असतो.

अशी पत्रे आजवर मी बरीच पाहिली आहेत. त्यांतली बहुतेक वारशाचे महत्त्व सांगण्यात दोन पाने खर्च करतात आणि मागणी शेवटच्या ओळीत उरकतात. पत्र मुख्याधिकाऱ्यांच्या नावे गेले, तरी ते प्रथम एका लिपिकाच्या टेबलावर येते आणि त्याला त्यावर टिपणी लिहून वर पाठवावी लागते. कोणत्या वह्या, किती, कोण हाताळणार, छायाचित्रे कुठे जाणार, कायद्याची अडचण आहे का, या प्रश्नांची उत्तरे त्याला पत्रात सापडली नाहीत, तर तो धोका पत्करत नाही आणि कागद तसाच पडून राहतो. यात त्याचा दोष नाही. जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या कायमस्वरूपी जतन करायचे अभिलेख आहेत, आणि एखादे पान फाटले तर जाब त्यालाच द्यावा लागतो. म्हणून ज्यातून टिपणी सहज लिहिता येईल, ते पत्र चांगले.

मागणीचा परिच्छेद असा असावा: “आपल्या अभिलेख कक्षातील 1896 ते 1920 या काळातील मृत्यू-नोंदवह्यांची छायाचित्रे कार्यालयाच्या जागेतच, आपल्या कर्मचाऱ्यांच्या उपस्थितीत घेण्याची परवानगी मिळावी. आरंभी 1896-97 ची एकच नोंदवही द्यावी. तिचे काम आपण तपासल्यानंतरच पुढील वह्यांचा विचार व्हावा.” एका वहीपासून सुरुवात करण्याची तयारी दाखवली की अधिकाऱ्याला होकार देणे सोपे जाते. त्याखाली वेळेचा हिशेब द्यावा. वहीत दोनशे पाने असतील, तर उघडलेल्या वहीची समोरासमोरची दोन पृष्ठे एका छायाचित्रात येतात आणि साधारण दोनशे छायाचित्रे होतात. सावकाश काम केले तर तासाला साठ छायाचित्रे निघतात, म्हणजे रोज दुपारचे दोन तास धरले तर दोन दुपारींत एक वही पुरी होते. आपला माणूस तेथे किती वेळ अडकून पडेल, हे कार्यालयाला यावरून कळते.

हाताळणीबद्दल मोघम आश्वासन देऊ नये, कृती लिहावी. फ्लॅश वापरणार नाही. वही सपाट दाबणार नाही. बांधणीवर ताण येऊ नये म्हणून दोन्ही पुठ्ठ्यांखाली आधार ठेवू. एक जण फक्त पाने उलटेल आणि दुसरा फक्त कॅमेरा सांभाळेल. कोरी पानेही टिपू, कारण पान सुटले की कोरे होते हे नंतर कोणालाच सिद्ध करता येत नाही. कडा चुरत असलेले पान आले तर तेथेच थांबून अभिलेखपालांना दाखवू. हे शेवटचे वाक्य मला फार मोलाचे वाटते. वहीची खरी अवस्था काय आहे, हे त्या निमित्ताने कार्यालयालाही समजते.

आता सर्वांत कठीण भागाकडे येतो. या वह्यांत नाव, वय, जात, राहण्याचे ठिकाण यांच्यासोबत मृत्यूच्या कारणाचा रकाना असतो, आणि साथीच्या अभ्यासकाला नेमका तोच हवा असतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 17 नुसार मात्र एखाद्या व्यक्तीला मृत्यूच्या नोंदीवरून जो कागद दिला जातो, त्यात मृत्यूचे कारण उघड करता येत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या संपूर्ण वहीला ही तरतूद कशी लागू करायची, हे मंडळाने ठरवू नये. पत्रात हे कलम आपणच पुढे आणावे आणि दोन पर्याय ठेवावेत. पहिल्या पर्यायात पूर्ण पान टिपायचे, पण लोकांसमोर येणाऱ्या टंकलिखित यादीत कारणाचा रकाना वगळायचा, आणि कारणांची महिनावार व वयोगटवार संख्या नावांशिवाय स्वतंत्र द्यायची. दुसऱ्या पर्यायात छायाचित्र घेतानाच त्या रकान्यावर कागदाची पट्टी ठेवायची. पहिला पर्याय मिळावा यासाठी आग्रह जरूर धरावा, आणि का धरतो तेही पत्रात सांगावे.

त्याचे कारण असे की त्या वर्षांत विलगीकरणाच्या आणि इस्पितळाच्या भीतीने लोक प्लेग लपवत असत. त्यामुळे “ग्रंथिक सन्निपात” अशी स्पष्ट नोंद कमी आणि नुसता “ताप” जास्त, असे होऊ शकते. एकेका नोंदीवरून ते ओळखता येत नाही. पण समजा, 1897 च्या जानेवारी ते मार्चमध्ये “ताप” म्हणून नोंदलेले मृत्यू आदल्या दोन वर्षांच्या त्याच महिन्यांच्या कित्येक पट निघाले, तर साथीची शंका घ्यायला आधार मिळतो. त्या तुलनेसाठी 1895 ची वही आणि 1896 चे आरंभीचे महिनेही लागतात, म्हणून ती वही असल्यास मागणीत तिचाही उल्लेख करावा. रकाना झाकला की हे सारे हातचे जाते.

जातीच्या रकान्याबाबतही कार्यालय सावध असते, आणि 2023 पासून जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर ही सावधगिरी वाढणे स्वाभाविक आहे. टंकलिखित मजकूर दाखल्याच्या जागी वापरला जाईल, ही भीती खरी आहे. म्हणून पत्रात स्पष्ट लिहावे: “टंकलिखित मजकूर हा अभ्यासासाठी असून तो प्रमाणित उतारा नाही. दाखला हवा असणाऱ्या व्यक्तीस आम्ही आपल्या निबंधकांकडेच पाठवू.” हीच सूचना यादीच्या प्रत्येक पानावर असावी. काही वह्या मोडीत असतील तर त्या कोण वाचणार हेही सांगावे. प्रत्येक पान दोघांनी स्वतंत्रपणे टंकलिखित करावे आणि जुळत नसलेली नावे तिसऱ्या जाणकाराने मूळ छायाचित्राशी ताडून पाहावीत. न लागलेले अक्षर अंदाजाने भरू नये, तिथे प्रश्नचिन्ह द्यावे.

माहिती अधिकाराचा अर्ज करू का, असे मला नेहमी विचारतात. त्या कायद्याने अभिलेख पाहण्याचा, टिपणे घेण्याचा आणि प्रमाणित प्रती मिळवण्याचा हक्क मिळतो. पण मागितलेल्या स्वरूपात माहिती दिल्यास अभिलेखाच्या सुरक्षिततेला बाध येत असेल, तर ते स्वरूप कलम 7(9) नुसार नाकारता येते, आणि जीर्ण वहीबाबत हा मुद्दा लगेच पुढे येतो. दोनशे पाने सांभाळून उलटण्याचे काम सहकार्यानेच होते, म्हणून आधी पत्र द्यावे असे माझे मत आहे.

पत्राच्या शेवटी कार्यालयाला काय मिळणार ते लिहावे: सर्व छायाचित्रांचा एक संच, पानांची सूची आणि टंकलिखित मजकूर, हे सारे विनामूल्य. वहीचे नाव, वर्ष आणि पान क्रमांक हेच छायाचित्राचे नाव ठेवावे, म्हणजे पुढे शोधासाठी मूळ वही वारंवार काढावी लागणार नाही. पत्र आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक आणि शिक्का घ्यावा, आणि एक प्रत जन्म-मृत्यू निबंधकांना द्यावी. तोंडी होकारावर कॅमेरा काढू नये. अधिकाऱ्यांची बदली होते आणि नव्या अधिकाऱ्यासमोर दाखवायला जावक क्रमांकाचा लेखी आदेशच लागतो. त्या आदेशात कोणत्या वह्या, कोणते रकाने आणि कोणती मुदत हे आले आहे का, ते कामाच्या आधी वाचून घ्यावे, आणि काही राहिले असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीची विनंती करावी.