परत आलीस तर

श्रोतेहो, नमस्कार. आज एका कवितेबद्दल बोलायचं आहे. कविता सूचनांची आहे. समोरच्याला ‘तू’ म्हणून, घर सोडताना काय काय करायचं ते एकेक ओळीत सांगते, बाकी काही नाही. अशी कविता कशी बांधतात आणि ती काय लपवते, हे दाखवण्यासाठी एक नमुना या भाषणापुरता तयार केला आहे. घर आपल्याच भागातलं धरा. खानापूरच्या पश्चिमेला, मलप्रभेच्या उगमाकडे, कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात असतं तसं कौलारू, सोपा आणि माजघर असलेलं, मागे परस. पावसाळा तोंडावर आला आहे. आता ऐका.

भर दुपारी दारं-खिडक्या लावून वर बघ.
उजेडाचा ठिपका दिसेल तिथलं कौल बदल.
जादाची कौलं परसात, भिंतीला टेकून आहेत.
दुसऱ्या दिवशी, चहा झाला की गॅस बंद कर. रेग्युलेटर काढ, पांढरी टोपी बसव.
फ्रीज बंद कर, पुस. दाराच्या फटीत लाकडाचा तुकडा घाल.
तांदळाचा डबा उन्हात वाळव. झाकण लावू नको.
ताटं दोन आहेत. बिननावाचं घे.
नाव घातलेलं फळीवर राहू दे.
मीटरचा आकडा लिहून घे, मग मेन स्विच पाड.
परसदाराला आतून आगळ घाल, पुढच्या दाराने बाहेर पड.
कुलूप ओढून बघ.
परत आलीस तर लगेच मेन स्विच लावू नको.
उंदरांनी वायर खाल्लेली असते.

तेरा ओळी झाल्या. रडणं नाही, आठवण नाही, उंबऱ्याला हात लावणं नाही. तरी ऐकून झाल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. ते कुठून येतं, ते शोधू.

पहिली अट अशी की सूचना खऱ्या असल्या पाहिजेत. कौलाचंच घ्या. फुटकं कौल बाहेरून बघून सापडत नाही, कारण मंगळुरी कौलं एकमेकांत अडकलेली असतात आणि चीर बहुतेक वेळा वरच्या कौलाच्या काठाखाली झाकलेली असते. आतून, भर उन्हात, घर अंधारं करून वर बघितलं की चीर असेल तिथे ठिपका चमकतो. शाकारणीला येणारा माणूसही तेच करतो. आतून काठीने ते कौल किंचित उचलून ठेवतो, म्हणजे वर चढल्यावर नेमकं तेच सापडतं. बदलताना वरच्या ओळीचं कौल थोडं उचलायचं, फुटकं खाली ओढून काढायचं, नवं खालून वर सरकवून खाचेत बसवायचं. छपरावर पाय ठेवायचा तो खाली वासा असेल तिथेच. कौलाच्या मध्यावर पडला की एक दुरुस्त करताना दोन फुटतात. यातलं बरंच काही कवितेत आलेलं नाही, पण लिहिणाऱ्याला ते माहीत आहे हे ‘भर दुपारी’ या दोन शब्दांवरून कळतं. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरकं असतं, तेव्हा हा उपाय नीट चालत नाही.

फ्रीजच्या ओळीचंही तसंच. बंद फ्रीजचं दार घट्ट लावून ठेवलं तर आत ओल राहते, पंधरा दिवसांत काळी बुरशी धरते आणि रबरात बसलेला वास मग जाता जात नाही. दार नुसतं उघडं सोडलं तर हळूहळू आपलं आपण लागतं, म्हणून फटीत लाकडाचा तुकडा. तांदळाच्या डब्याला झाकण न लावण्याचं कारणही ओलच.

अशा कविता बिघडतात त्या बहुधा इथेच. लिहिणाऱ्याला अंधाराचं चित्र हवं असतं म्हणून तो पहिल्याच ओळीत मेन स्विच पाडतो. मग पुढची कामं काळोखात कशी करायची? घर बंद केलेला कुठलाही माणूस ऐकतो आणि मनातल्या मनात म्हणतो, याने कधी घर बंद केलेलं नाही. एकदा हा अविश्वास बसला की पुढचं दुःखसुद्धा खोटं वाटतं. मेन स्विच घरातल्या कामांच्या शेवटी, त्याआधी मीटरचा आकडा, त्याच्याही आधी गॅस. क्रम कामाचाच असला पाहिजे, भावनेला सोयीचा नव्हे.

आता लपवण्याकडे येऊ. या यादीतली जवळजवळ प्रत्येक सूचना आपलं कारण बरोबर घेऊन येते. कारण सांगितलेलं नसलं तरी ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. एकाच सूचनेला कारण नाही, ती म्हणजे ताटाची. आपल्याकडे लग्नात आहेर म्हणून आलेल्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं. ताटाच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली ती अक्षरं घासून घासून पुसट झाली तरी बोटाला लागतात. नाव घातलेलं ताट मागे का ठेवायचं? गळकं नाही, जड नाही. ‘नाव घातलेलं फळीवर राहू दे’ ही ओळ शेजारच्या ओळींइतक्याच कोरड्या आवाजात येते, म्हणून पहिल्यांदा कानावरून निसटते. नाव कुणाचं, ते माणूस वारलं, सोडून गेलं की अजून याच गावात आहे, यातलं काही सांगितलेलं नाही. सांगूही नये. ‘त्याचं ताट राहू दे’ असं लिहिलं असतं तर ऐकणाऱ्याने सुस्कारा सोडला असता आणि कविता तिथेच संपली असती.

बिनकारणाची सूचना एकच ठेवावी, असं आमचं मत आहे. दोन झाल्या की यादीला वळण लागतं आणि ऐकणारा पुढच्या प्रत्येक ओळीत दुःख शोधायला लागतो. मग लाकडाचा तुकडासुद्धा प्रतीक होऊन बसतो. त्याला बिचाऱ्याला फ्रीजच्या फटीत राहू द्या.

दुसरी लपण्याची जागा क्रियापदात आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्याला ती फुकटात मिळते. आज्ञार्थात आपल्याकडे लिंग कळत नाही. ‘बघ’, ‘पुस’, ‘घे’ हे बाईला म्हटलं की पुरुषाला, आई मुलीला म्हणते आहे की कुणी स्वतःलाच, काही उमजत नाही. ‘बघा’, ‘पुसा’ केलं असतं तर कवितेला एखाद्या कार्यालयाबाहेर लावलेल्या पाटीचा सूर आला असता. ‘बघावे’, ‘पुसावे’ केलं असतं तर दासबोधातल्या लेखनक्रियेच्या समासासारखा उपदेश झाला असता, तो सगळ्यांना आणि म्हणून कुणालाच नाही. ‘बघायचं’, ‘पुसायचं’ हा घरातला सूर आहे, तो वाईट नाही, पण त्यात सांगणारा थोडा मोठेपणाने बोलतो. ‘बघ’ सर्वांत जवळचं, आणि तरीही माणूस झाकून ठेवणारं.

अकरा ओळी हा पडदा टिकतो. बाराव्या ओळीत ‘आलीस’ येतं आणि कळतं की जाणारी बाई आहे. इथे कवीला दुसरे रस्ते होते. ‘परत आल्यावर लगेच मेन स्विच लावू नको’ म्हणता आलं असतं. त्यात लिंगही दिसत नाही आणि येणं धरलेलंच असतं. ‘येशील तेव्हा’ म्हटलं तरी तेच. ‘आलीस तर’ म्हटल्यावर दोन्ही गोष्टी एकाच श्वासात उघड्या पडतात: ती कोण आहे आणि ती बहुधा येणार नाही. शेवटची ओळ मात्र ‘खाल्लेली असेल’ म्हणत नाही, ‘असते’ म्हणते. रीतच सांगते. उंदरांबद्दल खात्री आणि माणसाच्या परतण्याबद्दल शंका, अशी अदलाबदल झाली आहे. सूचना म्हणून ती अगदी योग्य आहे, कारण बंद घरात वायर कुरतडलेली असली तर मेन स्विच लावताक्षणी शॉर्ट होऊ शकतं. आधी वायरमनला दाखवावं.

यानंतर पुन्हा वर जाऊन पहिल्या ओळी ऐका. परत यायचंच नसेल तर कौल कशाला बदलायचं? पावसात कुणाच्या डोक्यावर गळणार आहे? कौलाच्या ओळी म्हणतात घर राहिलं पाहिजे, ताटाच्या ओळी म्हणतात तू राहणार नाहीस. सूचनाच आपसात भांडतात, आणि सांगणारा आवाज हे भांडण सोडवत नाही. तो पुढचं काम सांगतो. व्यवहारी सुराच्या आड जे दडलं आहे ते हेच, असं आम्हाला वाटतं. नुसतं दुःख म्हटलं तर अपुरं पडेल. घरावरचा हक्क सुटला आहे आणि घराची काळजी सुटलेली नाही. दोन्ही खरं आहे आणि एका वाक्यात बसत नाही, म्हणून यादी.

याला एक मर्यादाही आहे. यादी लांबली की हा खेळ चालत नाही. बारा-पंधरा ओळींपर्यंत कान मोजदाद ठेवतो, तीस झाल्या की कौल आणि ताट एकमेकांपासून इतके दूर पडतात की त्यांचं भांडण ऐकूच येत नाही. नमुन्यात त्यांच्या मध्ये तीनच ओळी आहेत, गॅस, फ्रीज आणि डबा. तेवढं अंतर पुरतं.

शाळेच्या किंवा वाचनालयाच्या कार्यक्रमात अशी कविता म्हणायची वेळ आली, तर म्हणण्याबद्दल थोडं. वाण्याकडून आणायचं सामान सांगतो त्या गतीने म्हणा. प्रत्येक पूर्णविरामाला सारखीच विश्रांती, ऐकणाऱ्याने मनात ते काम उरकावं इतकीच. ताटाच्या ओळीला आवाज खाली आणण्याचा मोह होतो, तो आवरा. आवाज खाली आला की कवितेने झाकलेलं तुम्ही उघडं केलं. ‘कुलूप ओढून बघ’ नंतर मात्र एक विश्रांती जास्त घ्या, कारण तिथे माणूस घराबाहेर आलेला आहे आणि यादी खरं तर संपली आहे. मग ‘परत आलीस तर’ तोडू नका. ‘परत आलीस’ म्हणून थांबलात तर ‘तर’ एकटा पडतो आणि नाटकी वाटतो. ओळ सलग म्हणा, जोर द्यायचाच असेल तर ‘लगेच’वर द्या, म्हणजे ती शेवटपर्यंत विजेबद्दलचीच सूचना राहील.