समांतरभुज की समभुज? एका मिलिमीटरचा प्रश्न
(सांगलीत दहावीचे विद्यार्थी आणि गणिताचे शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मिरज, तासगाव, विट्याहून आलेल्या मुलांनो, आलेख कागद बाहेर काढा. एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर धरा आणि चार बिंदू मांडा: A(1, 1), B(5, 4), C(6, 9), D(2, 6). क्रमाने जोडा. आता सांगा, कोणता चौकोन दिसतोय?

"समभुज," असं बहुतेकांनी म्हटलं. पट्टीने मोजलं तरी तसंच वाटेल. कर्णांमधला कोन कोनमापकाने मोजा, काटकोनच वाटेल. आपल्याला हे तपासायचं आहे ते डोळ्यांनी नाही, निर्देशकांनी.

आधी सोपा भाग उरकू. कर्ण AC चा मध्यबिंदू (3.5, 5) येतो. BD चाही (3.5, 5) च येतो. कर्ण एकमेकांना दुभागतात, म्हणून चौकोन समांतरभुज आहे. संमुख बाजूंचे चढ काढूनही हेच सिद्ध होतं: AB आणि DC दोन्हींचा चढ 3/4, AD आणि BC दोन्हींचा 5. उत्तरपत्रिकेत पुष्कळ मुलं इथेच थांबतात आणि खाली लिहून टाकतात, "म्हणून समभुज चौकोन". पण चढ फक्त दिशा सांगतो, लांबीबद्दल तो काहीच बोलत नाही. मध्यबिंदूचंही तसंच. कितीही लांबट समांतरभुज चौकोन घ्या, त्याचे कर्ण एकमेकांना दुभागणारच.

मग आणखी काय हवं? फक्त एक गोष्ट: लगतच्या दोन बाजू समान. संमुख बाजू समान आहेत हे समांतरभुज ठरल्यावर आपोआप मिळालेलं आहे, त्यामुळे AB = CD दाखवण्यात वेळ घालवला तर पुरावा एक पाऊलही पुढे जात नाही. AB आणि AD ची तुलना करायची.

A पासून B कडे जाताना x मध्ये 4 आणि y मध्ये 3 चा फरक पडतो. AB² = 16 + 9 = 25. A पासून D कडे 1 आणि 5. AD² = 1 + 25 = 26. समान नाहीत! हा समभुज चौकोन नाही. AB बरोबर 5 सेंटिमीटर, AD सुमारे 5.1. साधारण एका मिलिमीटरचा फरक पेन्सिलीच्या रेघेत लपला होता. म्हणून माझा आग्रह आहे की वर्गमूळ काढून दशांशात लिहू नका. वर्गांचीच तुलना करा. 25 आणि 26 यांच्यात घोटाळा होऊच शकत नाही.

आता कर्णांकडून पाहू. AC वर फरक 5 आणि 8, BD वर −3 आणि 2. x च्या फरकांचा गुणाकार आणि y च्या फरकांचा गुणाकार यांची बेरीज करा: 5 × (−3) + 8 × 2 = −15 + 16 = 1. ही बेरीज शून्य आली असती तर कर्ण परस्परांना लंब असते. इथे 1 आला, कोन सुमारे 88.3 अंशांचा आहे. आणि हा 1 कुठून आला ते नीट बघा. 26 − 25. कोणत्याही समांतरभुज चौकोनात ही बेरीज म्हणजे AD² − AB² च असते. म्हणूनच समांतरभुज चौकोनात "लगतच्या बाजू समान" आणि "कर्ण लंब" या दोन कसोट्या कधीच वेगळी उत्तरं देत नाहीत. मला हे फार सुंदर वाटतं.

आता C(5, 9) आणि D(1, 6) घ्या, A, B तेच. दोन्ही मध्यबिंदू (3, 5). AB² = 25, AD² = 0 + 25 = 25. हा समभुज. कर्णांचे चढ 2 आणि −1/2, गुणाकार −1.

एका मुलीने विचारलं, "सर, मग नुसते कर्ण लंब दाखवले तर चालेल ना?"

नाही बाळ. P(0, 2), Q(5, 0), R(0, −2), S(−1, 0) घेऊन बघ. PR हा Y-अक्षावर, QS हा X-अक्षावर, म्हणजे कर्ण लंब आहेत. पण PR चा मध्यबिंदू (0, 0), QS चा (2, 0). PQ² = 29, PS² = 5. हा पतंग आहे, समांतरभुजसुद्धा नाही. आधी समांतरभुज सिद्ध कर, मगच कर्णांची कसोटी लाव. आणि इथे PR चा चढ काढताच येत नाही, x मधला फरक शून्य आहे. "चढांचा गुणाकार −1" हे वाक्य तिथे लिहिता येणार नाही. फरकांची बेरीज मात्र चालते: 0 × (−6) + (−4) × 0 = 0.

चारही बाजू अंतराच्या सूत्राने काढून समान दाखवल्या, तर मात्र समांतरभुज वेगळा सिद्ध करायची गरज नाही. चार वेगळे बिंदू आणि चार समान बाजू एवढ्यावर समभुज ठरतो. फक्त बाजू क्रमाने घ्या: AB, BC, CD, DA. घाईत AC ला बाजू धरलंत, तर खरा समभुज चौकोनही तुम्हाला खोटा वाटेल.