बातमीदार पाठवायचा की नाही?

एका जिल्हा आवृत्तीचा डेस्क. रात्रीचे पावणेनऊ. फोन वाजतो. "आश्रमशाळेत ४० पोरांना विषबाधा झालीय. प्रकरण दाबताहेत." नाव विचारलं तर उत्तर येतं, "नाव नको."

शाळा घाटापलीकडे, ७० किलोमीटरवर. रात्रपाळीला बातमीदार एकच. तो तिकडे गेला की शहरातलं पोलीस ठाणं आणि सिव्हिल हॉस्पिटल वाऱ्यावर.

उपसंपादक पहिला प्रश्न टाकतो, "तुम्ही स्वतः पाहिलंत?" "नाही, मेहुणा दवाखान्याबाहेर आहे." म्हणजे माहिती ऐकीव आहे, पण जागा कळली. कुठला दवाखाना, मुलं कधी आणली, कशातून आणली? ग्रामीण रुग्णालय, सहानंतर, शाळेच्या जीपमधून. हे तपासता येतं. '४०' तपासता येत नाही, म्हणून वहीत तो आकडा अवतरणचिन्हात.

आता रुग्णालयाला फोन. नवखा माणूस विचारेल, "४० मुलं ॲडमिट आहेत ना?" घाईतलं कुणीही म्हणेल, "हो, बरीच आहेत." आणि आपलाच आकडा अधिकृत होऊन आपल्याकडे परत येईल. म्हणून आकडा न सांगता, "आज आश्रमशाळेची मुलं आली आहेत का?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. ड्युटीवरच्या सिस्टर सांगतात, "११. उलट्या-जुलाब. दोघांना सलाईन." विषबाधा हा शब्द त्या वापरत नाहीत. तो नमुन्यांच्या तपासणीनंतरच वापरता येईल.

तालुक्याच्या वार्ताहराला विचारलं तर तो उत्साहात म्हणतो, "हो, ४०च! ग्रुपवर आलंय." टाकलं कुणी? दवाखान्याबाहेर थांबलेल्या एका नातेवाइकानं. बहुधा तोच मेहुणा. दोन तोंडांतून आलं तरी मूळ एकच असेल, तर दुजोरा धरायचा नाही. वार्ताहराला सांगितलं जातं, "मोटरसायकल काढ, वॉर्डात जा, खाटा मोज."

फोन करणाऱ्याच्या बोलण्यात भोजन ठेकेदाराचं नाव दोनदा आलं होतं. त्याला स्वतःलाच ठेका हवा असेल. असू दे, हेतू खोटा असला म्हणून मुलांच्या उलट्या खोट्या होत नाहीत. पण 'दाबताहेत' हा आरोप सध्या फक्त त्याचाच आहे.

मुख्याध्यापकांना फोन मुद्दाम शेवटी. आधी केला असता, तर सगळ्यांची उत्तरं एकसारखी आली असती. त्यांच्याशी बोलताना 'आम्हाला फोन आला होता' असंही म्हणायचं नाही. लहान गावात तेवढ्यावरून माणूस ओळखला जातो. मुख्याध्यापक म्हणतात, "दोघातिघांना थोडं बरं नव्हतं."

पावणेदहाला वार्ताहराचा फोन येतो. ११ मुलं त्यानं स्वतः मोजलीत, बाहेर पालक आहेत, आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची गाडी नुकतीच आलीय.

आता निर्णय होतो. आज पान एकवर छोटी बातमी: ११ मुलं रुग्णालयात, कारण अस्पष्ट, मुख्याध्यापकांचं म्हणणं जसंच्या तसं. बातमीदार पहाटे पाचला निघेल, कारण ११ आणि 'दोघातिघं' यांतला फरक फोनवरून सुटणारा नाही. आधी कोठीघर, मग पाण्याची टाकी, मग मुलांच्या हजेरीचं रजिस्टर.