कारेंट नसतं, तरी भोल्टेज असतं

मित्रहो, कोलकात्याजवळच्या एका प्रशिक्षण केंद्रातल्या अप्रेंटिस मुलांसाठी आम्ही वायरिंगच्या सुरक्षेची इंग्रजी पुस्तिका बंगालीत आणली. त्यातल्या एकाच कामाबद्दल आज बोलतो: दिव्याचा होल्डर बदलणे. काम साधं वाटतं, पण शब्द चुकला तर जीव जाईल असं आहे.

आपण 'लाईट गेली' म्हणतो, बंगालीत 'कारेंट चले गेछे' म्हणतात. शॉक बसला तरी तोंडी कारेंटच येतो. म्हणजे पुरवठा, झटका आणि अँपिअरमध्ये मोजायचा प्रवाह, या तिन्हींना एकच शब्द. घरी बोलताना त्यानं काही अडत नाही. पण पुस्तिकेत 'तारे कारेंट नेई' असं वाचलं की मुलगा समजतो, आता हात लावायला हरकत नाही.

समजा, आधीच्या वायरमननं स्विच फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेत टाकला आहे. जुन्या घरांत हे सापडतं. स्विच ऑफ केला, दिवा विझला. तारेतून काहीच वाहत नाही, म्हणजे प्रवाह खरोखर शून्य. तरी होल्डरच्या फेजच्या टर्मिनलवर जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्ट उभे आहेत. हात लागला की प्रवाहाला शरीरातून वाट मिळते.

आता व्होल्टेज मोजायचं मीटर लावू. साधा फिलामेंटचा बल्ब होल्डरमध्येच आहे आणि मुलानं होल्डरच्या दोन टर्मिनलांमध्ये मोजलं, तर मीटर शून्य दाखवेल. फिलामेंटमधून दुसरं टर्मिनलही फेजच्याच पातळीला येतं, मग दोघांत फरक कसला दिसणार? मीटर खरं सांगतंय, प्रश्न चुकीचा विचारला गेला.

म्हणून आम्ही दोन नियम पाळले. 'कारेंट' लिहायचं ते फक्त काहीतरी वाहत असेल तिथं, आणि सोबत अँपिअर. पुरवठ्याला 'साप्लाई'. तार जिवंत आहे की नाही, हे सांगायला फक्त 'भोल्टेज', आणि ते कोणत्या दोन बिंदूंमधलं हे त्याच वाक्यात. बंगालीच्या पाठ्यपुस्तकांत करंटला 'तड़ित्प्रवाह' आणि व्होल्टेजला 'बिभवप्रभेद' हे नेमके शब्द आहेत, पण मीटरवर आणि दुकानात ते कुठेच नाहीत. ते आम्ही सुरुवातीला एकदा ओळख करून देऊन सोडले. मजकूर असा झाला: 'प्रथम टार्मिनाल आर आर्थेर मध्ये भोल्टेज मापो। द्वितीय टार्मिनाल आर आर्थेर मध्ये भोल्टेज मापो।' एका वाक्यात एकच कृती. 'मापो' दोनदा आलं तर येऊ दे.

लहान वाक्यांचं आणखी एक कारण बंगालीच्या रचनेत आहे. नकाराचा 'ना' बहुधा क्रियापदानंतर, अगदी शेवटी येतो. वाक्य तीन ओळी लांबलं की 'हात देबे', म्हणजे 'हात लावशील', आधी वाचलं जातं आणि 'ना' पुढच्या ओळीत राहतो. आम्ही अशी वाक्यं चार-पाच शब्दांत संपवली.

सगळ्यात धोकादायक जागा मात्र इंग्रजीतल्या 'क्लोज'ची. तिथं स्विच क्लोज करणे म्हणजे चालू करणे, सर्किट जोडणे. शब्दशः बंगाली केलं तर 'सुइच बंध करो', म्हणजे बरोबर उलटं. मराठीतही तेच होईल. आम्ही 'अन' आणि 'अफ' एवढेच ठेवले.

आकड्यांचंही तसंच. बंगाली चार इंग्रजी आठसारखा दिसतो. वायरवर आणि मीटरवर आकडे इंग्रजी असतात, म्हणून पुस्तिकेतही इंग्रजीच घेतले, नाहीतर चार चौरस मिलिमीटरची वायर आठ वाचली जाईल. 'मिलिअँपिअर'चा संक्षेप टाळला, कारण प्रवाहाची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या आरसीसीबीवरच्या ३० मिलिअँपिअरमधला 'मिलि' नजरेतून निसटला की आकडा हजारपट होतो.

एवढं करूनही एक फट राहिली होती. अर्थशी, म्हणजे जमिनीला जोडलेल्या तारेशी, तुलना करून मोजायला सांगितलं खरं, पण अर्थची तारच तुटलेली असेल तर? मग फेज जिवंत असूनही मीटर शून्य किंवा काहीतरी भलताच आकडा दाखवेल. म्हणून आधीची पायरी घातली. दुसऱ्या सर्किटवरच्या चालू सॉकेटमध्ये फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मोजायचं. तिथं २३०च्या आसपास यायला हवं. मग दिव्याच्या सर्किटची एमसीबी ऑफ करून, त्याच सॉकेटच्या अर्थपासून लांब तार घेऊन होल्डरची दोन्ही टर्मिनलं तपासायची, आणि शेवटी मीटर पुन्हा त्या चालू सॉकेटवर लावून बघायचा. यातून घराचं अर्थिंग चांगलं आहे असं ठरत नाही. मीटर ठीक आहे आणि मोजायला धरलेला अर्थ तुटलेला नाही, एवढंच कळतं. पण होल्डर उघडण्याआधी ते कळायलाच हवं. पानावर त्या पायरीखाली दोन वाक्यं आहेत: '230-एर काछाकाछि ना एले काज थामाओ। मिस्त्रिके डाको।' म्हणजे, २३०च्या जवळपास आलं नाही तर काम थांबव, मिस्त्रीला बोलाव.