"सेम टू सेम आहे, बसवून टाक": एमओसी नक्की कुठे चुकते

नमस्कार मंडळी. हे हातात काय आहे बघा.

[कॅमेऱ्यासमोर इम्पेलर धरायचा]

पंपाचा इम्पेलर, म्हणजे पंपाच्या आत फिरून द्रव ढकलणारं चाक. अशाच एकामुळे मी एकदा रात्री दीड वाजता पाथर्डी फाट्यावरून अंबडला गाडी पळवत गेलोय, ते पण चपलेवर. कंपनीचं नाव सांगणार नाही, आणि तसंही कागदावर सही माझीच होती, तेव्हा दोष दुसऱ्या कुणाला द्यायचा प्रश्नच नाही.

एमओसी, म्हणजे मॅनेजमेंट ऑफ चेंज. प्लांटमध्ये काही बदललं, मशीन असो, केमिकल असो, माणसं असोत, तर आधी बसून बघायचं की याने आणखी काय काय हलणार आहे. आणि यात एक सूट असते. जुन्याच्या जागी अगदी तसंच नवं लावलं तर एमओसी लागत नाही, त्याला म्हणतात रिप्लेसमेंट इन काइंड, आपल्याकडे शॉप फ्लोअरवर म्हणतात "सेम टू सेम". माझ्या अनुभवात घोळ फॉर्म चुकीचा भरल्याने फार कमी होतो, "सेम टू सेम" म्हणून फॉर्म उघडलाच नाही तिथे होतो.

आमच्याकडे कॉस्टिक लायचा ट्रान्सफर पंप होता. खाली स्टोरेज टँक, वर तिसऱ्या मजल्यावर दोन डे टँक, मध्ये लाइनवर प्रवाह मोजायला काचेचा रोटामीटर. इम्पेलर खराब झाला, स्टोअरमधून नवा काढला. तोच मेक, तेच मॉडेल, पार्ट नंबरसुद्धा तोच. फिटरने बसवला, मी सही केली, विषय संपला.

आता गंमत ऐका. पंप विकताना व्हेंडर तुमच्या गरजेप्रमाणे इम्पेलर घासून लहान करून देतो, त्याला ट्रिम करणं म्हणतात. आमचा जुना 160 मिलिमीटरला ट्रिम केलेला होता. स्पेअरमध्ये आलेला मात्र फुल साइज, 200 मिलिमीटर. केसिंगमध्ये दोन्ही आरामात बसतात, त्यामुळे बसवणाऱ्याला शंका यायचं कारणच नाही.

40 मिलिमीटरने काय फरक पडतो असं वाटेल, पण स्पीड तोच असेल तर पंपाचा हेड, म्हणजे तो द्रव किती उंच ढकलू शकतो ते, साधारण डायमीटरच्या वर्गाने वाढतो. 200 भागिले 160 म्हणजे 1.25, त्याचा वर्ग 1.56. डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद असताना जुना पंप 32 मीटर हेड द्यायचा, नवा झाला 50 मीटरचा. पाण्याचे 10 मीटर म्हणजे ढोबळमानाने 1 किलो प्रेशर, पण आपली लाय पाण्यापेक्षा जड, साधारण 1.2 पट. म्हणजे आधी 3.8 किलो, आता 6 किलो. आणि रोटामीटरची काच होती 5 किलो प्रेशर सोसणारी.

तरी काच लगेच फुटली नाही बरं का. महिनाभर सगळं छान चाललं, उलट ऑपरेटर खूश, टँक लवकर भरतो म्हणून. एक खूण मात्र मिळाली होती आणि ती आम्ही घालवली: मोटर ट्रिप व्हायला लागली. मोठा इम्पेलर जास्त पॉवर ओढतो, करंट वाढला, ओव्हरलोड रिले त्याचं काम करत होता. इलेक्ट्रिशियनने काय केलं, रिलेचं सेटिंग वाढवलं. ट्रिपिंग बंद, सगळे शांत. कुठलंही प्रोटेक्शन सेटिंग बदलायची वेळ आली ना, की समजायचं त्याच्या आधी दुसरं काहीतरी बदललंय आणि ते कागदावर आलेलं नाही.

मग आली माणसांची गोष्ट. रात्रपाळीला दोन ऑपरेटर असायचे, त्यातला एक कमी केला. याची एमओसी? कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही, एचआरचं पत्र निघालं की झालं. पण डे टँक बदलताना एक जण पहिल्या टँकचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि दुसरा त्याच वेळी प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला दुसरा व्हॉल्व्ह उघडायचा, शिट्टी मारून. एसओपीमध्ये ही शिट्टी कुठेच लिहिलेली नव्हती. एकटा माणूस आधी हा बंद करतो, मग मधल्या पाइपांना वळसा घालून तिकडे जातो, तोपर्यंत दोन-तीन मिनिटं पंप बंद व्हॉल्व्हवर ढकलतोय. म्हणजे पूर्ण 6 किलो, काचेवर, रोज रात्री.

एका रात्री काच गेली. नशीब की खाली कुणी उभं नव्हतं, लाय डोळ्यात गेली असती तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. लाय गटारात उतरली आणि आम्हाला कळलं ते ईटीपीवाल्याच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवरच्या माणसाच्या फोनने, पीएच 12 च्या वर गेला म्हणून.

जुना इम्पेलर आणि एक माणूस, चाललं असतं. नवा इम्पेलर आणि दोन माणसं, कदाचित वर्षभर तरी निघालं असतं. दोन्ही एकत्र बघणारं कुणी नव्हतं.

हे फक्त आमच्यासारख्या छोट्या प्लांटचं नाही हं. इंग्लंडमधलं फ्लिक्सबरो, 1974. सायक्लोहेक्झेनचे सहा रिअ‍ॅक्टर ओळीने, पाचव्याला तडा गेला. तडा का गेला, तर गळती थंड करायला त्याच्यावर कूलिंग वॉटर सोडत होते आणि त्या पाण्यात नायट्रेट होते, त्याने स्टील तडकलं. म्हणजे हा केमिकलचा बदल, जो कुणाला बदल वाटलाच नाही. मग पाचवा काढून चौथा आणि सहावा तात्पुरत्या पाइपने जोडले, 28 इंची तोंडांमध्ये 20 इंची वाकडा पाइप, दोन्ही टोकांना बेलोज, म्हणजे घडीचे लवचिक जोड. ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेलं, आधार म्हणजे परांची. आणि हे बघायला ज्या वर्क्स इंजिनिअरने असायला हवं ती खुर्ची रिकामी, आधीचा सोडून गेलेला. 1 जूनला स्फोट झाला, 28 माणसं गेली. शनिवार होता, ऑफिस रिकामं होतं, नाहीतर आकडा बराच मोठा झाला असता.

मशीन, केमिकल, माणसं, तिन्ही एकाच जागी. तरी अमेरिकेचा 1992 चा जो प्रोसेस सेफ्टीचा नियम सगळे उगाळतात, त्याच्या एमओसीच्या कलमात केमिकल, टेक्नॉलॉजी, इक्विपमेंट, प्रोसिजर, फॅसिलिटी ही नावं आहेत, माणसांची संख्या सरळ शब्दात नाही. म्हणून बरेच जण ती सोडून देतात.

मग आम्ही काय बदललं. एक, "सेम टू सेम" कोण ठरवणार? फिटर नाही आणि स्टोअरवाला पण नाही. डेटाशीटशी ताडून बघायचं: मटेरियल, साइज, रेटिंग, ट्रिम. एक जरी वेगळं निघालं तरी फॉर्म उघडायचा, आणि त्यात पहिला प्रश्न हा की लाइनमध्ये सगळ्यात कमी रेटिंगचं काय आहे. काच, होज, बेलोज, पीव्हीसीचा तुकडा, काहीतरी असतंच.

दुसरं, माणूस कमी करायचा असेल तर मीटिंग रूममध्ये बसून ठरवायचं नाही. उरलेल्या ऑपरेटरला घेऊन रात्री प्लांटवर जायचं, सगळ्यात अवघड काम एकट्याला करायला लावायचं आणि घड्याळ लावून मागे मागे फिरायचं. शिट्टी तिथेच सापडते, एसओपीच्या फाइलमध्ये कधीच सापडणार नाही. आणि वर अलार्म वाजला तर खाली कोण, हे पण तेव्हाच विचारायचं.

तात्पुरत्या बदलाला शेवटची तारीख टाकायची आणि ती शिफ्ट लॉगबुकच्या पहिल्या पानावर चिकटवायची. तारीख गेली की परत मूळ जागी आणा, नाहीतर नवीन एमओसी. "अजून आठ दिवस चालू दे" हे तोंडी चालणार नाही.

[इम्पेलर उलटा करून दाखवायचा]

हे बघा, इथे पंचने 160 ठोकलंय. आता स्टोअरला ट्रिमप्रमाणे वेगळा आयटम कोड आहे, फुल साइजचा इम्पेलर त्या रॅकमध्ये ठेवतच नाहीत. काचेचा रोटामीटर पण गेला, मेटल ट्यूबचा आला. त्याची एमओसी केली का? केली, आणि त्यात निघालं की नव्याची दोन फ्लँजमधली लांबी जास्त आहे, पाइप सपोर्ट सरकवायला लागला.