ग्रिल, कन्व्हेक्शन, मायक्रोवेव्ह: आधी कोणतं बटण?

कॉम्बिनेशन ओव्हन घेतल्यावर बहुतेक घरांत एकच बटण झिजतं, ते म्हणजे मायक्रोवेव्हचं. कन्व्हेक्शन कधीतरी केकपुरतं वापरलं जातं आणि ग्रिलला तर कोणी हातच लावत नाही. मग पदार्थ शिजतो, पण भाजल्यासारखा लागत नाही, आणि दोष मशीनला दिला जातो. आज आपण एकच पदार्थ घेऊ, भाजलेल्या बटाट्याच्या फोडी. बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ. या एका पदार्थात तिन्ही मोडची ताकद दिसते, आणि मर्यादाही.

आधी प्रत्येक मोड उष्णता कुठे पोहोचवतो ते पाहू. मायक्रोवेव्हच्या लहरी पदार्थात एक-दोन सेंटिमीटर आत शिरतात आणि मुख्यतः तिथल्या पाण्याला तापवतात. ओव्हनमधली हवा मात्र जवळपास थंडच राहते. म्हणजे फोडीतून बाहेर पडलेली वाफ पृष्ठभागावर येऊन गार होते आणि फोड ओली राहते. जोवर पृष्ठभागावर पाणी आहे, तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. खमंग तपकिरी रंगाला मात्र साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढचं तापमान लागतं. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये रंग का येत नाही, त्याचं कारण एवढंच आहे. वेळ वाढवून उपयोग नाही. पदार्थ आतून सुकत जातो आणि रबरासारखा होतो.

कन्व्हेक्शनमध्ये मागचा पंखा गरम हवा सगळीकडून फिरवतो. ही हवा पृष्ठभागावरची वाफ वाहून नेते, म्हणून फोड वाळते आणि मग तिला रंग चढतो. हे सावकाश होतं, पण सगळ्या बाजूंनी होतं. ग्रिलचं तसं नाही. वरची कॉइल लाल होते आणि समोर दिसेल त्या पृष्ठभागाला थेट भाजते. वरचा थर चार मिनिटांत करपू शकतो आणि त्याच वेळी आत कच्चं राहू शकतं. म्हणून ग्रिल एकटं वापरायचं ते पातळ पदार्थांसाठी किंवा आधीच शिजलेल्या पदार्थाला शेवटचा रंग देण्यासाठी. चीज घातलेला टोस्ट हे त्याचं खरं काम.

आता फोडी. अर्धा किलो बटाटे धुऊन, सालासकट उभ्या फोडी करा. जाड बाजू साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर असावी आणि सगळ्या फोडी सारख्या असाव्यात. हे सौंदर्यासाठी नाही. पातळ टोकं मायक्रोवेव्हमध्ये आधी सुकतात आणि नंतर चामट होतात. फोडी काचेच्या रुंद भांड्यात एका थरात पसरा. मध्यभाग मोकळा ठेवून कडेने रचल्या तर आणखी चांगलं, कारण काचेची प्लेट फिरत असली तरी मध्यावर उष्णता बहुधा कमी-जास्त पडते. पाणी घालू नका आणि झाकणही ठेवू नका. मीठही आत्ता नको: ते पृष्ठभागावर पाणी ओढतं, आणि खारट पाणी लहरी जास्त शोषतं, त्यामुळे कडा आधी कडक होतात.

९०० वॅटच्या मशीनमध्ये पूर्ण ताकदीवर पाच ते सहा मिनिटं लागतात. तीन मिनिटांनी एकदा हलवा. सुरी टोचल्यावर ती आत गेली पाहिजे, पण शेवटी किंचित अडली पाहिजे. फोड पूर्ण मऊ झाली तर पुढे उलटताना मोडते. ७०० वॅटचं मशीन असेल तर दीड-दोन मिनिटं वाढवा, पण खरी परीक्षा सुरीची, घड्याळाची नाही.

आता फोडी बाहेर काढून ताटात पसरा आणि ओव्हन रिकामा ठेवून कन्व्हेक्शन २०० अंशांवर प्रीहीटला लावा. प्रीहीटला साधारण दहा मिनिटं लागतात, आणि फोडींची वाफ निघून जायलाही तेवढाच वेळ हवा असतो. हा क्रम मुद्दाम आहे. फोडी आत ठेवून प्रीहीट केलं तर त्या आपल्याच वाफेत बसून राहतात आणि चिकट होतात. इथे एक इशारा: प्रीहीट नेहमी कन्व्हेक्शनवर करायचं. रिकाम्या पेटीत मायक्रोवेव्ह चालवू नका. लहरी शोषायला काहीच नसलं की त्या परत फिरतात आणि लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन खराब होऊ शकतो.

पृष्ठभाग कोरडा आणि किंचित पिठूळ दिसला की दीड मोठा चमचा तेल आणि मीठ-मसाला लावा. मग बुटक्या जाळीच्या स्टँडवर, उथळ धातूच्या ताटलीत एका थरात मांडा. कन्व्हेक्शनमध्ये धातू चालतो, मायक्रोवेव्हमध्ये साधारणपणे नाही. प्लास्टिकचं उलटं: मायक्रोवेव्हला चालणारा डबा २०० अंशांच्या पेटीत वितळतो. भाजून झाल्यावर गरम पेटीत लगेच काही मायक्रोवेव्ह करायचं असेल तेव्हा ही चूक हमखास होते. ताटलीची कड पेटीच्या भिंतीला लागता कामा नये, नाहीतर फिरती प्लेट अडकते आणि पुढची बाजू कच्ची, मागची काळी अशी फोड मिळते.

१८ ते २० मिनिटं भाजा आणि बाराव्या मिनिटाला एकदा उलटा. सारखं दार उघडायचा मोह आवरा. ही पेटी लहान असल्यामुळे दार उघडलं की तापमान झपाट्याने उतरतं. भांड्यात फोडी खेटून बसल्या असतील तर कितीही वेळ दिला तरी त्या उकडल्यासारख्याच लागतात, कारण त्यांच्यामधून हवा फिरतच नाही. अर्धा किलोपेक्षा जास्त असतील तर दोन खेपा कराव्यात, हे माझं ठाम मत आहे.

शेवटी फोडी सोनेरी झाल्या पण वरचा रंग कमी वाटला, तर ताटली उंच स्टँडवर ठेवून तीन-चार मिनिटं ग्रिल लावा. ताटली बदलताना हातमोजे घाला, कॉइल लाल असते. यावेळी मशीनपासून हलू नका. बेकिंग पेपर अंथरला असेल तर तो आधी काढून टाका. कडा वर उठून कॉइलजवळ गेल्या तर पेट घेतात.

मायक्रोवेव्ह आणि कन्व्हेक्शन एकत्र चालवणारा कॉम्बिनेशन मोड मग कशासाठी? जाड, मोठ्या पदार्थासाठी, ज्याला आतून शिजायला बराच वेळ लागतो. उदाहरणार्थ, हाडासकट चिकनचे मोठे तुकडे: १८० अंश आणि मायक्रोवेव्ह ३० टक्के. कमी ताकद घेण्याचं कारण असं, की आतलं मांस बाहेरच्या सालीपेक्षा फार पुढे जाऊ नये. तयार झालं की नाही ते थर्मामीटर हाडाला न टेकवता सर्वांत जाड भागात खुपसून पाहावं. ७४ अंश हवेत. या मोडमध्ये लहरी चालू असतात, म्हणून धातूची ताटली नको, काच घ्या. मशीनसोबत मिळालेला स्टँड चालतो का, ते मशीनच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवा.

केक आणि बिस्किटांना मात्र मायक्रोवेव्हचा हातही लागू देऊ नका. पिठाच्या आतलं पाणी आधी तापतं, मधला भाग कवच धरण्याआधीच घट्ट होतो, आणि वर रंग चढत नाही. साध्या ओव्हनच्या कृतीत १८० अंश लिहिले असतील तर कन्व्हेक्शनमध्ये साधारण १६० पासून सुरुवात करा, कारण फिरती हवा उष्णता जास्त वेगाने देते. तरीही वरचा थर लवकर काळवंडू लागला, तर भांडं उंच स्टँडवरून बुटक्या स्टँडवर उतरवा. मशीनच्या पडद्यावरचे आकडे आणि पेटीतलं खरं तापमान यांत फरक असू शकतो; दहा-पंधरा अंशांची तफावत कळायला आत ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर पुरतो.